ब्रँड एक्स्टेन्शनच्या उत्तरात उदाहरण कोणतं: किंगफिशर की बिक?

ब्रँड एक्स्टेन्शन म्हणजे प्रसिद्ध ब्रँडचं नाव नव्या वस्तूला देणं. असे ब्रँड असंबद्ध क्षेत्रात का फसतात, असा प्रश्न परीक्षेत आला की आपल्याला आधी किंगफिशर आठवतं. बिअरचं नाव विमानाला दिलं आणि कंपनी बुडाली, एवढं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. माझ्या मते या प्रश्नासाठी ते उदाहरण कच्चं आहे.

कारण ग्राहकांनी किंगफिशरचं विमान नाकारलंच नव्हतं. २००५ मध्ये सेवा सुरू झाली आणि प्रवाशांना ती आवडली. २०११ मध्येही देशांतर्गत बाजारात तिचा हिस्सा मोठा होता. तरीही कंपनीला एकाही वर्षी नफा झाला नाही. महाग इंधन, एअर डेक्कन या दुसऱ्या विमान कंपनीची खरेदी आणि वाढतं कर्ज यांखाली ती दबली आणि २०१२ मध्ये उड्डाणं थांबली. हे अपयश ताळेबंदाचं आहे, त्याचा दोष नावावर टाकता येत नाही.

आता बिक घ्या. स्वस्त बॉलपेन बनवणाऱ्या या फ्रेंच कंपनीने १९७३ मध्ये लायटर आणला, १९७५ मध्ये वापरून फेकायचा रेझर. पेन, लायटर आणि दाढी यांचा एकमेकांशी काय संबंध? तरी दोन्ही चालले, कारण ग्राहकाच्या मनात बिक म्हणजे स्वस्त, साधी, भरवशाची आणि संपली की टाकून द्यायची वस्तू. प्लॅस्टिकच्या वस्तू प्रचंड संख्येने बनवण्याचं कौशल्य आणि दुकानाच्या गल्ल्याजवळची जागा, दोन्ही इथे जशीच्या तशी कामी आली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बिकने परफ्यूम आणलं. लायटरसारखी दिसणारी छोटी बाटली, अमेरिकेत किंमत सुमारे पाच डॉलर, विक्री सुपरमार्केटमध्ये. १९९१ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. उत्तरात सगळ्यात जास्त जागा इथे द्या. परफ्यूम माणूस स्वतःच्या प्रतिमेसाठी किंवा कुणाला भेट देण्यासाठी घेतो, आणि आधी वास घेऊन पाहतो. जो स्वस्तपणा पेनमध्ये गुण होता, तोच इथे दोष ठरला. ‘वापरा आणि फेका’ हा अर्थ अंगाला लावायच्या सुगंधाला चिकटला. शिवाय प्लॅस्टिकच्या कारखान्यातलं कौशल्य सुगंध घडवायला उपयोगी नव्हतं.

मार्केटिंगचे अभ्यासक आकर आणि केलर यांनी १९९० मध्ये मांडलेली ‘फिट’ची, म्हणजे नवी वस्तू ब्रँडशी जुळण्याची, कल्पना इथे जोडा: नवी वस्तू जुनीला पूरक आहे का, तिच्याऐवजी वापरता येते का, आणि तेच कौशल्य तिलाही लागतं का? मात्र लायटर पेनला पूरकही नाही आणि पर्यायही नाही, हेही नोंदवा. तो चालला तो कौशल्यामुळे आणि नावाच्या अर्थामुळे. म्हणून ‘असंबद्ध’ची व्याख्या करताना वस्तूंमधल्या फरकावर थांबू नका, नावाने काय वचन दिलं आहे ते लिहा. टाटांचं नाव ट्रकवरही चालतं आणि मिठावरही, कारण ते विश्वासाचं वचन देतं आणि विश्वास मिठातही हवाच असतो. बिकचं वचन किमतीचं होतं.

किंगफिशर लिहायचंच असेल तर शेवटी, प्रतिउदाहरण म्हणून दोन ओळींत लिहा.