लॅबमधलं चिकन की सोयाचं चिकन? घ्यायच्या आधी हे वाचा

मागच्या महिन्यात सिंगापूरला निघालेल्या मावसभावाने फोन केला, म्हणाला तिथे ते लॅबमधलं चिकन मिळतं म्हणे, खाऊ का, आणि आपल्याकडे मिळतं त्या प्लांट बेस्ड चिकनपेक्षा त्यात वेगळं काय? फोनवर अर्धा तास गेला, म्हणून आता लिहूनच टाकते.

आधी एक गोंधळ मिटवू. प्लांट बेस्ड म्हणजे सोया, वाटाणा नाहीतर गव्हाचं ग्लुटेन, त्यात कोंबडीचं काहीही नाही. रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी 2021 मध्ये आणलेला इमॅजिन मीट्स हा ब्रँड याच प्रकारातला. लॅबमधलं, म्हणजे कल्टिव्हेटेड मीट, हे खऱ्या प्राण्याच्या पेशी, फक्त त्या प्राण्याच्या अंगात न वाढता स्टीलच्या टाकीत वाढलेल्या. त्यामुळे तुम्ही शाकाहारी असाल तर इथेच थांबा, दुसरा प्रकार तुमच्यासाठी नाही. कोंबडी कापली नाही हे खरं, पण पेशी कोंबडीच्याच आहेत.

आता ती टाकी. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भातून किंवा जिवंत जनावराच्या स्नायूच्या छोट्या तुकड्यातून पेशी घेतात, त्यातल्या चांगल्या वाढणाऱ्या निवडून छोट्या कुप्यांत गोठवून ठेवतात, आणि उत्पादनाच्या वेळी एक कुपी वितळवून आधी छोट्या फ्लास्कमध्ये, मग मोठ्या भांड्यात, मग त्याहून मोठ्या टाकीत अशा सोडत जातात. आपण विरजणाने दही लावतो तसंच वाटतं ना? थोडं तसंच आहे. पेशी साधारण दिवसाला दुप्पट होते असं धरलं तर 20 दिवसांत मूळच्या 10 लाखपट, निदान कागदावर तरी. त्यांना खायला जे पाणी देतात त्याला मीडियम म्हणतात, त्यात ग्लुकोज, अमिनो ॲसिड, व्हिटॅमिन, क्षार आणि "वाढ" असा निरोप देणारी काही प्रोटीन्स असतात. ही प्रोटीन्स महाग, आणि खर्चाचं मोठं दुखणं तिथेच आहे.

पण दह्यात आपल्याला बॅक्टेरिया हवेच असतात, इथे एकही चालत नाही. कोंबडीच्या अंगात जंतूंशी लढायला यंत्रणा असते, टाकीत पेशी उघड्यावर पडलेल्या. पेशीला दुप्पट व्हायला एक दिवस लागतो, काही बॅक्टेरियांना 20 मिनिटं पुरतात, म्हणजे त्याच एका दिवसात त्यांच्या 72 फेऱ्या होऊ शकतात! एखादा व्हॉल्व्ह नीट निर्जंतुक झाला नाही तरी अख्खी बॅच गटारात. कळतं कसं, तर मीडियम गढूळ होतं, ऑक्सिजन भराभर संपायला लागतो आणि आंबटपणा एकदम वाढतो. शिवाय पेशी वाढताना स्वतःच लॅक्टिक ॲसिड आणि अमोनिया सोडतात, ते साठलं की वाढ मंदावते, आणि ढवळलं जास्त तर नाजूक पेशी फुटतात, कमी तर ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून टाकी मोठी केली की माल स्वस्त होतो असं इथे सरळ होत नाही.

आणि टाकीतून जे निघतं ते लेगपीस नसतं हो. गाळून घेतलेला पेशींचा ओला लगदा असतो. खरा जाड तुकडा करायचा तर आतल्या पेशीपर्यंत अन्न आणि ऑक्सिजन जायला हवा, आणि रक्तवाहिनी नसेल तर ऑक्सिजन मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे नीट पोचत नाही, आतलं मरतं. 2013 मध्ये लंडनला डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी दाखवलेला पहिला बर्गरसुद्धा स्नायूंचे सुमारे 20,000 बारीक धागे गोळा करून केलेला, रंगासाठी बीटाचा रस आणि केशर घातलं होतं, खर्च सुमारे अडीच लाख युरो. खाणाऱ्यांनी सांगितलं, मांसाच्या जवळ जातंय पण रसाळ नाही. चरबीच नव्हती त्यात.

मावसभावाचं चिकन याच लगद्याचं. सिंगापूरने डिसेंबर 2020 मध्ये जगात सगळ्यात आधी विक्रीची परवानगी दिली, ईट जस्ट कंपनीच्या गुड मीट या ब्रँडला, आणि मे 2024 मध्ये ह्यूबर्स नावाच्या खाटकाच्या दुकानात त्यांचं फ्रोजन पाकीट आलं, 120 ग्रॅम, 7.20 सिंगापूर डॉलर. आता पाकिटावरचं प्रमाण बघा: कोंबडीच्या पेशी 3 टक्के. म्हणजे 3.6 ग्रॅम, चहाचा चमचा भरेल न भरेल. बाकीचं मुख्यतः वनस्पतीचं प्रोटीन! मी त्याला हेच म्हटलं, अरे तू "हे की ते" विचारतोयस पण त्या पाकिटात दोन्ही एकत्र आहेत, आणि जास्त आहे ते प्लांट बेस्डच.

माझ्या मते हे फसवणूक नाही, सध्याची मर्यादा आहे. थोड्या पेशींनी चव येते आणि किंमत आवाक्यात राहते. फक्त "खरं चिकन" समजून घेणार असाल तर टक्केवारी आधी वाचा.

प्लांट बेस्डचं यंत्र मात्र जुनं, ओळखीचं. चकलीच्या सोऱ्यासारखंच समजा, आत दोन स्क्रू फिरतात, प्रोटीन आणि पाणी साधारण 130-150 अंशाला दाबलं जातं आणि थंड होत होत बाहेर पडताना त्याचे धागे एका दिशेने लागतात, त्यामुळे फाडलं की चिकनसारखं सुटतं. आपले सोया चंक्स त्याचाच गरीब भाऊ, त्यात पाणी कमी असतं आणि बाहेर पडताना वाफेने फुगतात. चवीला यीस्ट अर्क, स्निग्धतेला खोबरेल तेल, आणि बर्गर, खिमा वगैरेत बांधायला बहुतेकदा मिथाइलसेल्युलोज. ते गरम झालं की घट्ट होतं आणि गार झालं की सैल, जिलेटिनच्या बरोब्बर उलट.

प्लांट बेस्ड मटणासारखं वागत नाही, हे मला महागात पडून कळलं. पहिल्यांदा प्लांट बेस्ड खिमा आणला, सवयीने मटणासारखा कांदा-वाटणात 25 मिनिटं शिजवला, मीठही नेहमीसारखं. परिणाम, खारट पिठलं. आता वाटण आधी पूर्ण परतते, खिमा वेगळा तव्यावर कडक करून शेवटची चार मिनिटं आत टाकते, मीठ चव बघून, आणि लगेच गरम वाढते.

मग कोणी काय घ्यावं? सोया किंवा ग्लुटेनची ॲलर्जी असेल तर प्लांट बेस्डचं लेबल नीट वाचा, आणि त्या 3 टक्केवाल्या पाकिटाचंही, कारण "चिकन" लिहिलंय म्हणून प्रोटीन चिकनचंच असेल असं नाही. उलट मासे किंवा कोंबडीची ॲलर्जी असेल तर कल्टिव्हेटेडला हात लावू नका, प्रोटीन तेच आहे. मीठ दोन्हीकडे बघा. बी-12 साठी प्लांट बेस्ड खाणार असाल तर ते वरून घातलंय का हे पाकिटावर लिहिलेलं असतं.

जनावर मरू नये हाच मुद्दा असेल तर एक प्रश्न विचारा, मीडियममध्ये सीरम आहे का. सुरुवातीला गायीच्या गर्भाच्या रक्तातला सीरम सर्रास वापरायचे, गुड मीटने पण वापरला, जानेवारी 2023 मध्ये सिंगापूरने त्यांच्या बिनसीरमच्या पद्धतीला मान्यता दिली. आणि प्रवासात असाल तर देश बघा, इटलीने 2023 मध्ये आणि अमेरिकेत फ्लोरिडाने 2024 मध्ये कल्टिव्हेटेड मीटच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ते दुकानात नाहीच, त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून निवडायचं तर सध्या प्लांट बेस्ड नाहीतर नेहमीचा खाटीक.

मावसभावाला सांगितलं, तिथे मिळालं तर एकदा खाऊन बघ, कुतूहल म्हणून, पण घरी आणण्याइतकं काही नाही त्यात. फोन स्पीकरवर होता. सासूबाई श्रावण पाळणाऱ्या, मेथी निवडता निवडता ऐकत होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, "पेशी कोंबडीच्या ना? मग श्रावणात नको."