पहाटेचा चहा: भावगीत लावावं की ठुमरी?

पहाटे बाल्कनीत चहा घेऊन बसायला फार तर अर्धा तास मिळतो. तेवढ्यात सात-आठ भावगीतं होतात, नाहीतर एक ऐसपैस ठुमरी आणि तिच्यामागे एखादा दादरा. दोन्ही प्रकार 'हलके' म्हणून बरेच जण एकाच यादीत कोंबतात आणि मग शांतता नेमकी कुठे मोडली ते कळत नाही.

मुख्य फरक रागाचा नाही, शब्दांचा आहे. भावगीत म्हणजे आधी कविता. धृवपद, दोन-तीन कडवी आणि प्रत्येक कडव्यात नवीन चित्र. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं बसायची. त्या मापात हा प्रकार वाढला, म्हणून त्यात एकही ओळ फुकट जात नाही. मराठी माणसाला ते शब्द कानाआड करता येत नाहीत. पेपर उघडून बसलात तर डोळे एक वाचतात, कान दुसरंच, आणि त्याच बातमीची तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली जाते.

ठुमरीचा मजकूर दोन-चार ओळींचा. त्यातलाही अर्धा तुकडा घेऊन गायिका तो दहा तऱ्हांनी मांडते. यालाच बोल-बनाव म्हणतात. अर्थ पहिल्या दोन मिनिटांत कळून चुकतो, पुढे उरतो तो सूर. त्यामुळे मधे दोन मिनिटं झाडावरच्या पाखराकडे लक्ष गेलं तरी काही हुकत नाही. गप्प बसायचं असेल, वाचायचं असेल, तर ठुमरी. दोघं असाल, दोघांनाही गाणी पाठ असतील आणि गुणगुणायचं असेल, तर भावगीत. गप्पाच मारायच्या असतील तर मात्र भावगीत टाळलेलं बरं. ओळखीचं कडवं आलं की बोलणं अर्धवट राहतं.

आता वेळेचं. भावगीताला रागाच्या प्रहराचं बंधन कुणी फारसं लावत नाही, पण त्याच्या शब्दांना वेळ असते. गजानन वाटव्यांचं 'गगनी उगवला सायंतारा' कितीही गोड असलं तरी नावातच संध्याकाळ आहे. 'शुक्रतारा, मंद वारा'बद्दल शुक्र पहाटेही दिसतो असा युक्तिवाद करता येईल, पण त्यातलं चांदणं काही सहा वाजताचं नाही. गाणं निवडताना धृवपद एकदा नुसतं वाचून पाहावं. वेळ तिथेच कळते.

ठुमरीत उलट. शब्दांना वेळ नसली तरी रागाला असते, आणि ठुमरी-दादऱ्याचे नेहमीचे राग, म्हणजे खमाज, देस, तिलककामोद, पहाटेचे नाहीत. पहाटेला खरा जवळचा राग म्हणजे मुख्यतः भैरवी. तिचेही हाल असे की मैफल भैरवीने संपवायचा प्रघात असल्यामुळे बरीच ध्वनिमुद्रणं मैफलीच्या शेवटची असतात. गळा पुरता तापलेला, तबलजी रंगात, आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. स्टुडिओत केलेली भैरवी शोधावी. अब्दुल करीम खाँ यांची 'जमुना के तीर' ही जुन्या तबकडीवरची भैरवी तीन मिनिटांच्या घरातली आहे. हा प्रकार आपल्याला रुचतो का, हे पाहायला तेवढी पुरते.

या दोहोंच्या मधे भूपाळी बसते आणि पहाटेच्या बाबतीत ती दोघींना भारी आहे. १९५१च्या 'अमर भूपाळी'तली, वसंत देसाई यांनी संगीत दिलेली 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' सगळ्यांच्या कानावर असते. भूपाळी सकाळची, पण भूप राग मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, हे कोडं पुष्कळांना पडतं. भूप आणि देसकार या दोन्ही रागांचे सूर तेच पाच: सा रे ग प ध. भूपात चाल गंधारावर येऊन विसावते आणि खालच्या अंगाला रमते. देसकारात ती वरच्या अंगाला, धैवताला धरून राहते, आणि तो राग सकाळचा. यादीत 'भूप' असं लिहिलेलं दिसलं तरी लगेच वगळू नये. गाणं धैवतावर रेंगाळतंय का ते ऐकावं. शब्द उजाडण्याचे असतील तर एवढीही चिकित्सा नको.

नाट्यगीताचा मोह इथे आवरावा. चढी पट्टी, ताना, रंगमंचाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज; ते दुपारी छान.

ठुमरी लावणाऱ्यांची हमखास फसगत होते ती लग्गीमुळे. विलंबित दीपचंदीत, म्हणजे १४ मात्रांत, सगळं संथ चाललेलं असतं. शेवटाकडे तबलजी ठेका सोडून जलद केरव्याच्या अंगाने लग्गी धरतो आणि डग्गा घुमायला लागतो. मैफलीत दाद मिळते ती तिथेच, पण हातात गरम कप असताना ते दचकवणारं असतं. ती साधारण शेवटच्या दोन-तीन मिनिटांत येते. आदल्या दिवशी तेवढा भाग ऐकून ठेवावा आणि लग्गी जड वाटली तर आवाज हळूहळू उतरवून तिथेच थांबावं. मधेच कचकन बंद केलं तर ते लग्गीपेक्षा वाईट.

भावगीताचा धक्का वेगळा. प्रत्येक तीन मिनिटांनी नवा वाद्यमेळ, नवी पट्टी, आणि जुन्या-नव्या मुद्रणांत आवाजाचा फरक. खरखरत्या जुन्या तबकडीसाठी वाढवलेला आवाज पुढच्या स्टिरिओ गाण्याला अंगावर येतो. एकाच गायकाची, एकाच काळातली गाणी सलग ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

बाल्कनीत खर्ज टिकत नाही, तो मोकळ्यावर विरून जातो. फोनच्या छोट्या स्पीकरवर तर तंबोरा गायब, डग्गा गायब, उरते ती तबल्याची टिकटिक आणि पेटीचा कर्कश सूर. ठुमरीचं यात जास्त नुकसान, कारण तिच्यात तंबोऱ्याची आस हाच अर्धा आधार. छोटा स्पीकर कठड्यावर न ठेवता घराच्या भिंतीच्या कोपऱ्यात, भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवला की खर्ज थोडा भरून येतो, आणि शेजाऱ्यांकडे आवाजही कमी जातो. फोनवरच ऐकणार असाल तर भावगीत घ्या. त्यात आवाज आणि शब्द पुढे असतात, ते तरून जातात.

अर्ध्या तासाचा क्रम ठरवायचा तर चहा गाळेपर्यंत भूपाळी, चार मिनिटं. कप हातात आल्यावर बारा-तेरा मिनिटांची संथ भैरवी, लग्गीच्या आधी उतरवलेली. मग एक-दोन मिनिटं काहीच नाही. कप रिकामे होऊन गुणगुणावंसं वाटलं की तीन भावगीतं. 'चाफा बोलेना' आणि मालती पांडे यांचं 'त्या तिथे, पलीकडे' इथे चपखल बसतात. क्रम उलटा करू नये. वाद्यमेळाने भरलेल्या गाण्यांची कानाला सवय झाली की त्यानंतरचा ठुमरीचा संथ उठाव रेंगाळल्यासारखा वाटतो आणि हात पुढच्या गाण्याकडे जातो. आणि ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर तिसऱ्या भावगीतानंतर लावणी लागते.