चकलीची पाटी: ओरडून की हळूच?

आधीची: ‘त्वरा करा! नंबर वन चकली! आजच घ्या, नाहीतर पस्तावाल!!’
बदललेली: ‘भाजणी घरची. चकली आज सकाळी तळलेली.’

आधीच्या पाटीत दोन हुकूम आणि वर एक धमकी. ‘नंबर वन’ कोणी ठरवलं, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात येतोच. बदललेली पाटी काहीच मागत नाही. ‘ताजी आहे’ हा निष्कर्ष वाचणाराच काढतो, म्हणून तो त्याला पटतो. मात्र चकली कालची असेल, तर ही ओळ सरळ खोटी ठरते.

आवाज उतरवताना ‘आठवणींची चव’ असं गुळमुळीत लिहू नका. ते लाडवालाही चालेल! घाई खरीच असेल, तर ‘मागणी वसुबारसेपर्यंत’ एवढं पुरे.