फुकटच्या लॅश लिफ्टने माझ्या पापण्यांची वाट लावली

माझ्या पापण्यांचे केस आखूड, सरळसोट आणि खाली झुकलेले. मस्कारा लावला की दुपारपर्यंत पुन्हा खाली, आणि लोकलच्या घामात डोळ्यांखाली काजळी. म्हणून जूनमध्ये पार्लरमध्ये १८०० रुपये मोजून लॅश लिफ्ट आणि टिंट केलं, म्हणजे केस वर वळवून काळे रंगवून घेतले. पहिले सहा आठवडे मी खूश होते.

सगळा खेळ त्या सिलिकॉनच्या पट्टीचा आहे, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. पापणीवर वळणदार पट्टी चिकटवतात आणि एकेक केस तिच्यावर उलटा बसवतात. मग पहिलं औषध, तेही मुळापासून मध्यापर्यंतच, टोकांना नाही. केस पर्म करताना वापरतात तसलंच. केसातले गंधकाचे बंध ते सैल करतं आणि दुसरं औषध ते नव्या वळणात पक्के करतं. पट्टी मोठी असेल तर आखूड केस वळणापर्यंत पोचतच नाहीत. जूनमध्ये छोटी, एस पट्टी होती. ऑगस्टमध्ये पुन्हा गेले तेव्हा ती संपली होती, म्हणून पार्लरच्या ताईंनी एम लावली. मी काही बोलले नाही. निकाल असा की १८०० गेले आणि पापण्या जवळपास होत्या तशाच.

भांडले. "दहा दिवसांनी या, फुकट करून देते," म्हणाल्या. फुकट म्हटल्यावर मी गेले, चूक माझीच. एकदा सैल झालेल्या केसांवर इतक्या लवकर तेच औषध पडलं की ते कुरकुरीत होतात. बाहेरच्या कोपऱ्यातल्या केसांची टोकं जळल्यासारखी वाकडी झाली. ती काही केल्या सुधारत नाहीत. ते केस गळून नवे यायची वाट बघायची. पापणीचे केस आपोआप गळून नवे येत राहतात, म्हणून तर लिफ्टही सहा-आठ आठवडेच टिकते.

आता उलटं मत सांगते. मला खरं आवडलं होतं ते लिफ्ट नाही, टिंट. केसांची टोकं मुळातच फिकट असतात, ती काळी झाली की केस लांब दिसतात. पण टिंटमध्ये बहुतेकदा हेअर डायमधलीच द्रव्यं असतात, त्यामुळे ४८ तास आधी कानामागे थेंब लावून बघायचा. मला जूनमध्ये कोणी लावला नव्हता, आणि हेअर डायने मला खाज सुटते हे विचारलंही नाही! डोळे शाबूत राहिले हे नशीब. औषध आत गेलं आणि झोंबलं तर ताबडतोब सांगून भरपूर पाण्याने धुवायचं, "होईल कमी" म्हणून पडून राहायचं नाही.

हिशेब केला तर ६०० चा मस्कारा तीन महिन्यांनी फेकायचा, म्हणजे महिन्याला २००. लिफ्ट महिन्याला हजार ते तेराशे. सध्या आधी कर्लर, मग वॉटरप्रूफ मस्कारा असं चाललंय. कर्लर नंतर फिरवला तर केस चिकटून तुटतात. कोपऱ्यातले वाकडे केस अजून दोन उरलेत.

पार्लरचा काल मेसेज आला, पुढची लिफ्ट अर्ध्या किमतीत. मी फक्त विचारलं, एस पट्टी आली का? उत्तर नाही.