जातानाचं विमान सोडायचंय, परतीचं वापरायचंय: काय परवडेल?

माझ्या ठाण्याच्या मामेभावाने मुंबई–लंडन–मुंबई असं एकाच पीएनआरवर तिकीट काढलं होतं. मग कंपनीने त्याला आठवडाभर आधीच वेगळ्या तिकिटावर लंडनला पाठवायचं ठरवलं. "पैसे दोन्हीकडचे भरलेत, परतीचं तर माझंच आहे ना?" असं त्याचं म्हणणं. पण असं गृहीत धरू नका.

पहिला पर्याय म्हणजे काहीच न कळवणं. माझ्या मते हा सगळ्यात वाईट. ई-तिकिटात प्रत्येक उड्डाणाचं एक कूपन असतं आणि बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांच्या अटींनुसार ती क्रमानेच वापरावी लागतात. तुम्ही विमानात चढला नाहीत, की नो-शोची नोंद होते आणि पुढची बुकिंग सिस्टिमच रद्द करते. मुंबई–दिल्ली–लंडन तिकिटावर राजधानीने दिल्ली गाठून तिथून विमानात बसायला गेलात, तरी हेच होतं.

कारण भाड्यात आहे. मोठ्या कंपन्यांचं रिटर्न भाडं अनेकदा एकेरी भाड्याच्या दुपटीपेक्षा बरंच कमी असतं, आणि प्रवास कुठून सुरू होतो त्यावरही ते ठरतं. जाणं वगळलं, की तुमचं तिकीट लंडनहून निघणारं एकेरी तिकीट होतं. त्याचा दर निराळाच.

दुसरा पर्याय, विमान सुटण्याआधी फोन करून जाणं काढून टाकायला सांगणं. तिकीट एजंटाकडून काढलं असेल, तर बदल बहुधा त्याच्यामार्फतच करावा लागतो. भाडं नव्याने मोजलं जातं, वर बदलाचं शुल्क. समजा याचे २४,००० रुपये होतात आणि त्याच दिवसाचं लंडन–मुंबई एकेरी तिकीट ३१,००० ला आहे, तर बदल करून घ्या. फोनवर नुसत्या "हो, चालेल" वर थांबू नका. तिकीट रीइश्यू झालं का, परतीचं कूपन OPEN म्हणजे वापरण्याजोगं आणि सीट HK म्हणजे कन्फर्म आहे का, हे विचारा आणि नवं ई-तिकीट मेलवर मागवा.

बदल ४०,००० वर गेला, तर तिसरा पर्याय बरा: परतीचं नवं तिकीट. पण जुनं वाऱ्यावर सोडू नका, जायचं विमान सुटण्याआधी रद्द करा. भाडं नॉन-रिफंडेबल असलं, तरी विमान वाहतुकीची नियामक असलेल्या डीजीसीएच्या नियमांनुसार भारतीय विमान कंपन्यांनी न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाचं युजर डेव्हलपमेंट फी परत द्यायचं असतं.

मुंबई–नागपूरसारख्या देशांतर्गत स्वस्त विमानसेवांत दोन्ही बाजूंचं भाडं बहुधा सुटं लावलेलं असतं, त्यामुळे परतीचं टिकायची शक्यता जास्त. तरीही एकच पीएनआर असेल, तर आधी विचारून घ्या. जाण्याचा बेत मुळातच डळमळीत असेल, तर दोन वेगळी एकेरी तिकिटं काढा, थोडी महाग पडली तरी.