सीझनभर एका टिपस्टरच्या मागे: वापरानंतरचा अनुभव

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या रेसचा सीझन नोव्हेंबरात सुरू झाला तेव्हा कुठला घोडा जिंकेल ते मेसेजवर सांगणाऱ्या एका नावाजलेल्या टिपस्टरचं मी पैसे भरून सबस्क्रिप्शन घेतलं. खेळाच्या पानासाठी रेस कव्हर करतो, त्यामुळे नुसतं ऐकीव लिहायचं नव्हतं. एप्रिलपर्यंत त्याची प्रत्येक टिप आली त्या क्षणी वहीत उतरवली आणि शेजारी तीन भाव लिहिले: त्याने सांगितलेला, बुकींच्या रिंगमध्ये मला मिळालेला आणि घोडे सुटतानाचा.

टिपा वाईट नव्हत्या, हे आधी सांगतो. शंभरातले तीसेक घोडे जिंकायचे. रेस बघणाऱ्याला हा आकडा भारी वाटतो, पण भाव बघितल्याशिवाय त्याला काडीची किंमत नाही.

एक रेस सांगतो. 1400 मीटर, सात घोडे. मेसेजमध्ये भाव होता रुपयाला तीन, म्हणजे घोडा जिंकला तर लावलेला रुपया परत आणि वर तीन रुपये. मी बुकीच्या फळीपाशी पोचेपर्यंत अडीच झाला, पुढच्या माणसाचे पैसे घेता घेता पावणेदोन. बुकीचा पोऱ्या हसत म्हणाला, "साहेब, मेसेज आम्हालाही येतो." घोडा आरामात जिंकला. टिपस्टरच्या हिशोबात तीनचा विजय, माझ्या वहीत पावणेदोनचा.

शंभर टिपांवर प्रत्येकी 100 रुपये लावले आणि तीस लागल्या असं धरा. तीनच्या भावाने 10,000 चे 12,000 होतात. पावणेदोनने 8,250. वर कराची कात्री वेगळीच. तोच टिपस्टर, तेच घोडे, पण एकाला नफा आणि दुसऱ्याला तोटा. माझ्या सगळ्या टिपांवर भाव एवढा पडला नाही, पण जेवढा पडला तेवढ्याने नफा गिळला. त्याच सगळ्या रेसमध्ये डोळे झाकून सगळ्यात कमी भावाच्या फेव्हरिटवर लावले असते तरी जवळपास तेवढंच नुकसान झालं असतं. तेही वहीत मांडून बघितलं.

कोणी म्हणेल, एका सीझनवरून काय ठरवता? जिंकलेल्या टिपा मोजून खरंच काही ठरत नाही. तीस टक्क्यांचा माणूस शंभरात पंचवीसवरही येतो, पस्तीसवरही, नुसत्या नशिबाने. म्हणून मी शेवटच्या भावाकडे जास्त बघितलं. तबेल्यातून खरी खबर असेल तर घोड्याचा भाव सुटेपर्यंत दबलेलाच राहतो. याच्या बऱ्याचशा घोड्यांचे भाव मेसेजनंतर धाडकन खाली यायचे आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत परत वर सरकायचे. म्हणजे भाव पाडत होतो आम्ही मेंबर लोकच, जाणकारांचा पैसा त्यात नव्हताच.

आता पुण्याचा सीझन जुलैत. 'जुन्या मेंबरांना सूट' असा मेसेज आलाय, सोबत मागच्या सीझनचा ताळेबंद. त्या 1400 मीटरच्या रेसपुढे भाव अजून तीनच आहे.