शिफारशी: घटकानुसार की निष्कर्षानुसार?

एम.एड.च्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण पुन्हा लिहायला बसलात की दोन वाटा दिसतात. एक रुळलेली: शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी, पालकांसाठी, शासनासाठी अशी शीर्षकं करून शिफारशी लिहायच्या. दुसरी: एकेक निष्कर्ष घ्यायचा आणि त्यावर शिक्षकाने वर्गात काय करायचं ते लिहायचं. नाशिकमध्ये प्रबंध करताना मी दोन्ही करून पाहिल्या.

पहिली वाट वाचायला सोपी आणि मांडणीला नेटकी. मला एकच गोष्ट खटकत राहिली. शीर्षक लिहिलं की त्याखालची जागा भरावीशी वाटते. पालकांची मी एकही मुलाखत घेतली नव्हती, तरी ‘पालकांनी मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ लिहून मोकळा झालो. मार्गदर्शकांनी समासात विचारलं, ‘हे कोणत्या निष्कर्षावरून?’ उत्तर नव्हतं.

माझा विषय होता चौथीच्या वजाबाकीतल्या चुका. ४०२ – १७८ चं उत्तर बरीच मुलं ३७६ लिहीत होती, म्हणजे प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. खरं उत्तर २२४. यावर माझी आधीची शिफारस होती, ‘शिक्षकांनी शैक्षणिक साहित्याचा वापर करावा.’ ती कुठल्याही प्रबंधात खपली असती. निष्कर्ष समोर ठेवून लिहिलं तेव्हा ती अशी झाली: प्रत्येक मुलाला खेळातल्या नोटा द्याव्यात, शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकाच्या दहा नोटा घ्याव्यात, आणि मगच वजाबाकी मांडावी.

हे पेठ तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “नोटा वाटून परत गोळा करेपर्यंत तासिका संपते, सर. आणि तोवर तिसरीची मुलं नुसती बसून राहतात.” मग बदललं. नोटा फक्त फळ्याजवळ, एकच संच. आठवड्यातून दोनदा, तासिकेच्या सुरुवातीला, चुकीचं सोडवलेलं एक उदाहरण फळ्यावर. चूक मुलांनी शोधायची आणि एकाने पुढे येऊन नोटा मोडून दाखवायच्या. शनिवारी मधे शून्य असलेलं एक नवं उदाहरण द्यायचं. उत्तरं पुन्हा ३७६ च्या धर्तीची आली, तर चूक गेलेली नाही हे वहीतच दिसतं.

एक पथ्य मात्र पाळलं. माझा अभ्यास चुका शोधण्याचा होता, उपायाचा प्रयोग मी केला नव्हता. म्हणून ‘यामुळे चुका कमी होतात’ असं न लिहिता ‘करून पाहावे’ असं लिहिलं.

तुमचा विषय धोरणाचा किंवा शाळा व्यवस्थापनाचा असेल, तर घटकानुसार मांडणी कदाचित जास्त शोभेल. काही मार्गदर्शक तीच मागतात, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. मीही शेवटी ‘शिक्षकांसाठी’ हे शीर्षक ठेवलं, पण त्याखालच्या प्रत्येक शिफारशीपुढे निष्कर्षाचा क्रमांक टाकला. ज्यांना क्रमांक मिळेना त्या काढल्या. चौदाच्या पाच उरल्या, आणि ‘पालकांसाठी’ हे शीर्षकच गेलं.